दहावी गणित भाग १ : जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भांडुपला घरीच दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. दिवाळी संपली की आईवडील आणि मुलं तेच तेच प्रश्न घेऊन दारात उभी राहतात, म्हणून ते एकदा लिहून काढले. उदाहरणं सगळी राज्य मंडळाच्या गणित भाग १ ची, म्हणजे बीजगणिताची आहेत, कारण ४० गुणांच्या या दोन तासांच्या पेपरात मुलांची स्वतःबद्दलची समजूत आणि खरे गुण यांत सगळ्यात जास्त अंतर पडताना मी पाहते.

कोणत्या वर्षापासूनचे पेपर घ्यायचे?

मार्च २०१९ पासूनचे. सध्याचं पाठ्यपुस्तक २०१८-१९ साली आलं आणि त्यावरची पहिली बोर्डाची परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली. त्याआधीच्या पेपरांत जीएसटी नाही, कृती पूर्ण करायचे प्रश्न नाहीत, गुणांची मांडणीही वेगळी. दादरच्या फुटपाथवर जुने संच स्वस्तात मिळतात आणि पालक हौसेने आणतात. त्यांतली वर्गसमीकरणं सरावाला चालतील, पण घड्याळ लावून सोडवायला तो पेपर उपयोगाचा नाही.

२०१९ नंतरचे पेपरही सगळे सारखे धरू नका. २०२१ ची मुख्य परीक्षा कोविडमुळे रद्द झाली, त्यामुळे त्या मार्चचा पेपर शोधत बसू नका. २०२२ ला पंचवीस टक्के अभ्यासक्रम वगळलेला होता आणि या पेपराला पंधरा मिनिटं वाढवून दिली होती. म्हणून २०२२ चा पेपर मी वेळेच्या सरावाला देते, पण कुठल्या प्रकरणावर किती गुण येतात हे मोजताना बाजूला ठेवते. जुलैच्या पुरवणी परीक्षेचे पेपर मात्र जरूर घ्या. ते सोपे असतात अशी एक अफवा आहे. आराखडा तोच असतो, आणि बहुतेक मुलांनी ते पाहिलेले नसतात हा मोठा फायदा.

शाळांच्या पूर्व परीक्षांचे पेपर ही वेगळी जात आहे. काही शाळा मुद्दाम अवघड काढतात, काही गाइडमधली गणितं जशीच्या तशी उचलतात. सरावाला हरकत नाही, त्यावरून बोर्डाचा अंदाज बांधू नका.

एवढे पेपर कधी आणि किती सोडवायचे?

सहाही प्रकरणं एकदा शिकून झाल्यावर आठवड्याला एक. त्याहून जास्त नको, कारण एक पेपर दोन तासांचा असला तरी तपासणं आणि चुकलेलं पुन्हा करणं यात आणखी तीन तास जातात. तेवढा वेळ नसेल तर पेपर फुकट जातो. अगदी अलीकडचे दोन पेपर मुलाला दाखवूसुद्धा नका. पूर्व परीक्षा झाल्यावर, बोर्डाच्या आधी, ते कोरे हवेत. एकदा नजरेखालून गेलेल्या पेपरात किती गुण पडतात यावरून काही कळत नाही.

वेळ लावून म्हणजे नेमकं कसं?

शक्य असेल तर सकाळी अकराला, कारण बोर्डाचा पेपर अकराला असतो. टेबलावर कोरी पानं, पेन, पेन्सिल, पट्टी, कंपास आणि हातातलं साधं घड्याळ. मोबाइल दुसऱ्या खोलीत, कारण कॅल्क्युलेटर त्यातच असतो आणि परीक्षेत तो चालत नाही. चाळीत शांतता मिळणार नाही, नळाला पाणी आलं की बाहेर बादल्यांचा आवाज होणारच. त्याची सबब करू नका, केंद्रावरही बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजतातच. पण मध्ये उठणं नाही, पाण्याची बाटली आधीच जवळ घ्या.

आता हिशेब. दोन तासांत ४० गुण, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. पण असं सरळ वाटून चालत नाही, कारण एका गुणाचा प्रश्न मिनिटाभरात होतो आणि चार गुणांचा शाब्दिक प्रश्न पंधरा मिनिटं खातो. मी मुलांना पाच थांबे देते. प्रश्न १ चे आठ गुण पंधराव्या मिनिटाला संपले पाहिजेत. प्रश्न २ चे बारा गुण पंचेचाळिसाव्या मिनिटापर्यंत, प्रश्न ३ चे नऊ गुण पंचाहत्तराव्यापर्यंत, प्रश्न ४ चे आठ गुण शंभराव्यापर्यंत आणि प्रश्न ५ चे तीन गुण एकशे दहाव्यापर्यंत. उरलेल्या दहा मिनिटांत तपासणी.

प्रत्येक मुख्य प्रश्न संपला की समासात पेन्सिलने घड्याळातली वेळ लिहायची, एवढंच: ११.१७, ११.५२. संध्याकाळी हे आकडे बघितले की मुलगा नेमका कुठे अडकला ते दिसतं. "वेळ पुरला नाही" असं सांगणाऱ्या बहुतेकांचा वेळ प्रश्न ४ मध्ये गेलेलाच नसतो. प्रश्न २ मध्ये पाचपैकी चार सोडवायचे असताना त्यांनी पाचही सोडवलेले असतात, किंवा दोन गुणांच्या गणितापायी वीस मिनिटं घालवलेली असतात.

दहा मिनिटं जादा मिळतात ना? मग दोन तास दहा मिनिटं लावू?

२०२३ पासून पेपर आधी वाचायला देणं बंद झालं आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडली गेली, म्हणून हा पेपर एक वाजून दहा मिनिटांनी संपतो. पण सरावात दोन तासच लावा. पहिल्या पानावर बैठक क्रमांक, बारकोड, सह्या, पुरवणी बांधणं यात यातली काही मिनिटं जातातच, आणि केंद्रावर कुठलाही घोळ झाला तर ती दहा मिनिटं हाताशी राहतात.

वेळ संपला आणि गणित अर्धवट आहे. पूर्ण करू द्यायचं का?

करू द्या, पण दुसऱ्या रंगाच्या पेनने. एकच्या ठोक्याला निळं पेन खाली, हिरवं हातात. निळ्यावर गुण, हिरव्यावर शून्य. हिरवं लिहिणं गरजेचं आहे, कारण "येत नव्हतं" आणि "येत होतं पण वेळ गेला" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे.

स्वतः तपासलं तर गुण नेहमी जास्तच येतात. प्रामाणिकपणे कसं तपासायचं?

इथे एक पेपर पूर्ण सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आलं. गेल्या वर्षी एका मुलाने घरी पेपर सोडवून स्वतः तपासला आणि ३३ गुण घेऊन आला. मी तोच पेपर पुन्हा तपासला तर साडेसव्वीस झाले. साडेसहा गुण गेले कुठे?

एक गुण बहुपर्यायी प्रश्नात. त्याने आधी (ब) लिहून खोडलं होतं आणि मग (क) लिहिलं होतं. बोर्डाच्या पेपरावर सूचनाच असते की बहुपर्यायी प्रश्नाचं पहिल्या प्रयत्नातलं उत्तरच ग्राह्य धरलं जाईल. (क) बरोबर होतं, तरी गुण नाही. ही सूचना छापील असूनही मुलं वाचत नाहीत.

तीन गुण हिरव्या पेनाचे. प्रश्न ५ त्याने वेळ संपल्यावर सहा मिनिटांत सोडवला होता आणि "फक्त सहाच मिनिटं" म्हणून गुण धरले होते.

अर्धा गुण संभाव्यतेत. दोन नाणी फेकल्यावर निदान एक छापा येण्याची संभाव्यता त्याने सरळ ३/४ लिहिली. उत्तर बरोबर, पण नमुना अवकाश S, n(S), घटना A, n(A) हे काहीच नाही. परीक्षक पायरीला गुण देतो. पायरीच नसेल तर कशाला देणार? आणखी अर्धा सांख्यिकीत, सारणी बरोबर पण शेवटच्या भागाकारात चूक.

आणि दीड गुण या गणितात, तीन गुणांचं होतं: एका अंकगणिती श्रेढीचं १० वं पद ४१ आणि १८ वं पद ७३ आहे, तर पहिल्या २७ पदांची बेरीज काढा. त्याने असं लिहिलं होतं:

```
a + 9d = 41
a + 18d = 73
9d = 32,  d = 32/9
```

पुढे सूत्र लिहिलं, अपूर्णांक बघून घाबरला आणि उत्तर अर्धवट सोडलं. तपासताना गाइड उघडलं, दुसऱ्या ओळीत 18d च्या जागी 17d हवं होतं हे दिसलं, आणि त्याने स्वतःला अडीच गुण दिले. का, विचारलं तर म्हणाला, "बाई, सिली मिस्टेक होती. मेथड तर बरोबर आहे ना."

आता पायऱ्या मोजू. बरोबर उत्तर असं:

```
a + 9d = 41
a + 17d = 73
8d = 32,  d = 4
a = 41 - 36 = 5
S27 = 27/2 [2(5) + 26(4)]
    = 27/2 × 114 = 1539
```

दोन समीकरणांना अर्धा अर्धा, d ला अर्धा, a ला अर्धा, सूत्राला अर्धा, उत्तराला अर्धा. त्याला पहिलं समीकरण आणि सूत्र एवढंच मिळतं, म्हणजे एक गुण. प्रत्येक गणितात पायऱ्यांची वाटणी अशीच असेल असं नाही, पण घरी तपासताना "हेतू चांगला होता" यासाठी एकही अर्धा द्यायचा नाही. शंका असेल तिथे कमी द्या.

युक्ती सांगायची तर दोनच. तपासणी त्याच दिवशी करू नका, दुसऱ्या दिवशी करा, म्हणजे डोक्यात काय होतं ते विसरून कागदावर काय आहे ते दिसतं. आणि जमलं तर पेपर मित्राशी अदलाबदल करून तपासा. दुसऱ्याच्या पेपरात पोरं फार कडक परीक्षक होतात.

सिली मिस्टेकची इतकी चिंता करायची का?

त्याच मुलाचं पुढे सांगते. मी त्याला एक दोनशे पानी वही दिली. पेपरातली प्रत्येक चूक एका ओळीत लिहायची: पेपर, प्रश्न, गेलेले गुण आणि नेमकी कुठल्या ओळीत घसरलो. "दुर्लक्ष झालं" असं लिहायला बंदी. चार पेपरांनंतर वही चाळली तर पदाचा क्रमांक आणि d चा गुणक यांचा गोंधळ तीनदा होता. एकदा १८ व्या पदात, एकदा बेरजेच्या सूत्रात n - 1 ऐवजी n, एकदा शाब्दिक उदाहरणात दर महिन्याला वाढत जाणाऱ्या बचतीत. बाराव्या महिन्यापर्यंत अकराच वाढी होतात, हे त्याच्या मनात कधी बसलंच नव्हतं. सिली मिस्टेक म्हणून तीनदा सोडून दिलेली ती कल्पनेतलीच चूक होती.

ती दुरुस्त करायला आणखी पेपर लागत नाहीत. मी त्याला ५, ९, १३, १७ लिहायला सांगितलं आणि प्रत्येक संख्येच्या मधल्या जागेवर बोट ठेवून मोजायला लावलं. चार संख्या, तीन उड्या. दहा मिनिटं लागली. मग वेगवेगळ्या प्रकारची पाच गणितं दिली आणि पुढच्या पेपरात बघितलं.

खरी घाईची चूकही असते, नाही असं नाही. ओळखायची खूण अशी की ती एकदाच होते, वेगवेगळ्या ठिकाणी होते, आणि तेच गणित दुसऱ्या दिवशी न बघता दिलं तर बरोबर येतं.

कोणत्या प्रकरणावर किती येतं, हे कसं ओळखायचं?

क्लासवाले छापील तक्ते देतात. ते घेऊ नका, स्वतः करा, एका रविवारची दुपार पुरते. वहीचं पान आडवं धरा. डावीकडे सहा प्रकरणं: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. वर पेपरांची वर्षं. चौकोनात फक्त गुण लिहू नका, प्रश्नाचा नंबर आणि प्रकार लिहा. "४, वर्गसमी., शाब्दिक" असं.

एक गोष्ट इथे सगळे चुकतात. पेपर ४० गुणांचा असला तरी पर्यायी प्रश्न धरून छापलेले गुण ६० असतात. प्रश्न २ मध्ये तीनपैकी दोन कृती आणि पाचपैकी चार गणितं, प्रश्न ३ मध्ये दोनपैकी एक कृती आणि चारपैकी दोन गणितं, प्रश्न ४ मध्ये तीनपैकी दोन, प्रश्न ५ मध्ये दोनपैकी एक. म्हणून मोजणी ६० वर करा, नाहीतर बेरीज जमत नाही आणि मुलं म्हणतात तक्ता चुकला.

चार-पाच पेपर भरले की दिसतं की पहिली दोन प्रकरणं आणि सांख्यिकी यांचं वजन बाकीच्या तिघांपेक्षा जास्त आहे. पण मला त्याहून उपयोगी वाटतं ते प्रकाराचं चित्र. रेषीय समीकरणं एका गुणाला विचारली तर बहुतेक वेळा निश्चयकाची किंमत किंवा D आणि Dx देऊन x काढणं, मोठ्या गुणांना आलेख किंवा शाब्दिक. वर्गसमीकरणात छोट्याला विवेचक किंवा सामान्य रूप, मोठ्याला शाब्दिक. म्हणजे "मला वर्गसमीकरणं येतात" असं म्हणणाऱ्या मुलाला सूत्र येतं, शाब्दिक गणितातून समीकरण मांडता येत नाही, हे तक्त्यावर बोट ठेवून दाखवता येतं.

मग एखादं प्रकरण सोडलं तर चालेल? पर्याय आहेतच ना.

पालक हे हळूच विचारतात, मुलं मोठ्याने. समजा संभाव्यता सोडली. प्रश्न १ मध्ये पर्यायच नाही, तिथले एक-दोन गुण सरळ गेले. प्रश्न ४ मध्ये तीन गणितांपैकी एक संभाव्यतेचं निघालं तर उरलेली दोन्ही सोडवणं भाग, आवडो न आवडो. कृतीच्या प्रश्नातही तेच. प्रकरण सोडणारा गुण सोडत नाही असं त्याला वाटतं, पण निवडायची मोकळीक तो गमावतो, आणि नेमकी तीच अवघड पेपरात लागते. त्यातून संभाव्यता हे या पुस्तकातलं सगळ्यात लहान काम आहे. सोडायचंच असेल तर निदान हे नको.

गेल्या वर्षी मध्यक आला, म्हणजे यंदा बहुलक येणार का?

नाही. पेपर काढणाऱ्यावर पाळीपाळीने विचारायचं बंधन नाही. तक्त्यावरून "शाब्दिक वर्गसमीकरणाची तयारी हवी" इतकं सांगता येतं. "यंदा वयाचं गणित येणार, नावेचं नाही" हे सांगणारा भविष्य सांगतोय. मध्य, मध्यक, बहुलक तिन्ही करा, आयतालेख आणि वृत्तालेखही. फेब्रुवारीत व्हॉट्सॲपवर फिरणारी "शंभर टक्के येणारच" यादी पहिल्या पानावरच बंद करा.

जुन्या पेपरातल्या जीएसटीच्या दरांचं काय? ते तर बदलले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, जुन्या पेपरांत ते दिसतील. गणितात जो दर दिला असेल तोच घ्या. राज्यांतर्गत व्यवहारात त्याचा अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा, ही रीत तीच आहे. दुकानदार वडिलांशी वाद घालत पेपर सोडवलेला एक मुलगा माझ्याकडे होऊन गेला, म्हणून लिहिलं.

उत्तरं कुठून पडताळायची? गाइडमधलं उत्तर जुळत नाही.

गाइडमध्ये चुका असतात, छपाईच्याही आणि गणिताच्याही. समीकरणाचं उत्तर मूळ समीकरणात घालून बघा. मध्यक काढला तर तो मध्यकवर्गाच्या आतच पडला पाहिजे. बाहेर पडला तर बहुधा संचित वारंवारता आधीच्या वर्गाची न घेता त्याच वर्गाची घेतली आहे. वरच्या श्रेढीत १ ले आणि २७ वे पद यांची बेरीज १० वे आणि १८ वे यांच्या बेरजेइतकीच, ११४, येते. त्याला २७/२ ने गुणा, लगेच १५३९. असा दुसरा रस्ता सापडला की गाइड लागत नाही.

गुण चार पेपरांत तेवढेच राहिले. सराव चुकतोय का?

आधी वही बघा. चुका त्याच असतील तर तुम्ही पेपर सोडवताय, मधलं दुरुस्तीचं काम करत नाही. दोन आठवडे पेपर थांबवा आणि वहीतल्या वरच्या दोन चुकांवर बसा. चुका नव्या असतील आणि गुण तेच असतील तर घाबरायचं कारण नाही, एक-दोन गुणांचा फरक पेपरागणिक पडतोच. आणि समासातल्या वेळा सुधारत असतील, प्रश्न २ बावन्नाव्या मिनिटाऐवजी सेहेचाळिसाव्याला संपत असेल, तर गुण थोडे उशिरा येतात.

आदल्या रात्री एक पेपर सोडवायचा का?

नको. फक्त चुकांची वही, अर्धा तास. त्या मुलाने वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात "पद १८, उड्या १७" लिहून ठेवलं होतं. परीक्षेच्या सकाळी गाडीत बसताना त्याने तेवढंच वाचलं, असं त्याची आई म्हणाली.